धूमकेतू कुठे आहे?

९ फेब्रुवारी १९८६ रोजी हॅलेचा धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ आला. पृथ्वीवरून पाहता नेमका तेव्हाच तो सूर्याच्या पलीकडे होता, त्यामुळे त्याचा सर्वांत झगमगता काळ आपल्याला नीट पाहता आला नाही. पुढे तो दूर निघाला. आता एक साधा प्रश्न विचारू: बरोबर एक वर्षानंतर तो कुठे असेल?

प्रश्न साधा असला तरी उत्तर सूत्रात घालून काढता येत नाही. योहानेस केप्लर प्राग शहरात सम्राटाचा गणितज्ञ असताना, १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅस्ट्रोनोमिया नोव्हा’ या ग्रंथात याच अडचणीपाशी येऊन थांबला. ग्रह लंबवर्तुळात फिरतात हे त्याने शोधलं होतं. ग्रह कक्षेतल्या अमुक जागी आहे असं सांगितलं, तर तिथे पोचायला त्याला किती वेळ लागला हे तो चुटकीसरशी काढू शकत होता. उलट, वेळ दिली तर जागा कोणती, हे मात्र थेट काढता येईना. कंस आणि त्याची ज्या या दोन वेगळ्या जातीच्या राशी एकाच समीकरणात आल्यामुळे ते सुटत नाही, असं त्याने लिहून ठेवलं आणि भूमितिज्ञांना मदतीचं आवाहन केलं.

ते समीकरण असं आहे:

E − e sin E = M

यातला e म्हणजे कक्षेची विकेंद्रता, म्हणजे लंबवर्तुळ किती चपटं आहे याचं माप. वर्तुळाचा e शून्य. हॅलेच्या कक्षेचा e सुमारे ०.९६७, म्हणजे कक्षा अगदी लांबोडी. M हा घड्याळाचा कोन. धूमकेतू समान वेगाने फिरला असता तर एवढ्या काळात किती कोन पार केला असता, ते M सांगतो. हॅलेला एका फेरीला ढोबळमानाने ७६ वर्षं लागतात, म्हणून एका वर्षाचा M म्हणजे पूर्ण फेरीचा, २π चा, ७६ वा भाग: ०.०८२७ रेडियन. E हा कक्षेच्या केंद्रापाशी मोजलेला एक सहायक कोन आहे. तो हाती आला की सूर्यापासूनचं अंतर लगेच मिळतं. म्हणजे आपल्याला हवा आहे E, आणि तोच नेमका दोन ठिकाणी अडकून बसला आहे: एकदा मोकळा, एकदा sin च्या पोटात. त्याला एकटा बाजूला काढायची बीजगणिताची कुठलीच युक्ती इथे चालत नाही.

मग पहिला प्रश्न मूल्याचा राहतच नाही. आधी विचारावं लागतं की असा E आहे तरी का? आकाशात धूमकेतू कुठेतरी असणारच, हे खरं. पण समीकरण हे आपण कागदावर मांडलेलं चित्र आहे, आणि धूमकेतू आहे एवढ्यावरून समीकरणाला उत्तर आहे हे सिद्ध होत नाही. मध्यवर्ती मूल्य प्रमेय इथे उपयोगी पडतं. उत्तर न काढताच, ते अमुक दोन संख्यांच्या दरम्यान आहे, याची हमी ते देतं.

पहिलं काम म्हणजे सगळं एका बाजूला आणणं:

f(E) = E − ०.९६७ sin E − ०.०८२७

आता ज्या E साठी f(E) शून्य होतं, तेच आपलं मूळ. E = ० ठेवून पाहू. sin ० शून्य, म्हणून f(०) = −०.०८२७. ऋण. मग E = १ ठेवू. sin १ म्हणजे ०.८४१५, त्याला ०.९६७ ने गुणलं की ०.८१३७. एकातून हे आणि ०.०८२७ वजा केलं तर उरतात ०.१०३६. धन. एका टोकाला ऋण, दुसऱ्या टोकाला धन, आणि f सतत आहे. म्हणून ० आणि १ यांच्या दरम्यान निदान एक मूळ आहे. सिद्धता संपली.

परीक्षेच्या वहीत हे असंच लिहिलं जातं आणि पूर्ण गुणही मिळतात. पण त्यातली ‘f सतत आहे’ ही ओळ पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ घालावा तशी घातलेली असते. खरं पाहता चिन्हं तपासणं हे कॅल्क्युलेटरचं काम आहे. सगळा भार त्या एका ओळीवर आहे, आणि ती इथे का खरी आहे हे पाहण्यात या प्रमेयाचं मर्म आहे.

सतत असणं म्हणजे पेन न उचलता आलेख काढता येणं, असं शाळेत सांगतात. कल्पना म्हणून ठीक आहे, पण पेनाने काही सिद्ध होत नाही. त्याऐवजी असा विचार करा. तुम्ही मला सांगायचं, f चं मूल्य किती हललेलं तुम्हाला चालेल. मी सांगणार, त्यासाठी E किती हलवायची मुभा आहे. तुम्ही कितीही कंजूष झालात तरी मला उत्तर देता आलं पाहिजे. आपल्या f साठी हे उत्तर देणं सोपं आहे, कारण sin चा एक गुण: कोन जेवढा बदलेल त्यापेक्षा sin जास्त कधीच बदलत नाही. म्हणून E जेवढा हलेल त्याच्या फार तर १ + ०.९६७, म्हणजे १.९६७ पट f हलेल. तुम्ही म्हणालात की f मध्ये ०.००१ पेक्षा कमीच फरक चालेल, तर मी म्हणेन, E ला ०.०००५ पेक्षा जास्त हलवू नका. f मध्ये अचानक उडी असायला इथे जागाच नाही.

एवढं हाती असलं की मूळ का असलंच पाहिजे हे स्वतः तपासता येतं. अंतराल अर्धं करत जायचं. मधोमध ०.५ वर f येतं −०.०४६३. ऋण. म्हणजे चिन्ह बदलतं ते आता ०.५ आणि १ यांच्यामध्ये. त्यांच्या मधोमध ०.७५ वर f = +०.००८२, धन, म्हणून पुढचं अंतराल ०.५ ते ०.७५. मग ०.६२५ वर −०.०२३५, ०.६८७५ वर −०.००८९, ०.७१८७५ वर −०.०००७. आता मूळ ०.७१८७५ आणि ०.७५ यांच्या कोंडीत आहे. दर वेळी डावं टोक ऋण, उजवं टोक धन, आणि रुंदी निम्मी. दहा वेळा अर्धं केलं की एका एककाचा हजारावा भागही उरत नाही. मध्येच एखाद्या मध्यबिंदूवर नेमकं शून्य आलं तर प्रश्नच मिटला. नाही आलं तर हे अखंड चालू राहतं.

डावी टोकं मागे सरत नाहीत, उजवी पुढे सरत नाहीत, आणि त्यांच्यातलं अंतर शून्याकडे जातं. म्हणून त्या सगळ्यांच्या मध्ये सापडणारी एक संख्या उरते. तिला c म्हणू. f(c) किती? समजा ते धन आहे, उदाहरणार्थ ०.००१. मग वरच्या हिशेबाप्रमाणे c पासून ०.०००५ च्या आतल्या सगळ्या ठिकाणी f धनच असणार. पण अर्ध्याचं अर्धं करता करता आपली कोंडी त्याहूनही अरुंद होते आणि तिच्या डाव्या टोकाला तर f ऋण आहे. मेळ बसत नाही. f(c) ऋण मानलं तर तीच गत उजव्या टोकाशी होते. ०.००१ च्या जागी कुठलीही संख्या घ्या, युक्तिवाद तोच राहतो. तेव्हा f(c) शून्यच.

ही मांडणी ऑगस्टँ-लुई कोशीच्या वळणाची आहे. त्याने १८२१ साली पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निकमधल्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकात अंतरालाचे समान भाग पाडत जाऊन हे दाखवलं. पण त्याच्या चार वर्षं आधी, १८१७ साली, याच विषयावर एक स्वतंत्र पुस्तिका निघाली होती, तीही केप्लरच्या प्रागमधून. लिहिणारा बेर्नार्ड बोल्झानो हा कॅथलिक धर्मगुरू होता आणि तिथल्या विद्यापीठात धर्मविषय शिकवत असे. दोन वर्षांनी, १८१९ साली, त्याच्या विचारांमुळे सम्राटाच्या हुकुमाने त्याची नोकरी गेली. त्याची पुस्तिका तेव्हा फारशी कुणी वाचली नाही.

बोल्झानोचा आक्षेप मला आजही फार नेमका वाटतो. रेषेच्या खालून वर जाणारी वक्ररेषा मध्ये कुठेतरी रेषेला छेदणारच, हे कुणीही चित्र पाहून सांगेल. बोल्झानोलाही ते अमान्य नव्हतं. त्याचं म्हणणं इतकंच की हे चित्रात दिसणं म्हणजे सिद्धता नव्हे. संख्यांबद्दलचं विधान संख्यांच्याच गुणांवरून सिद्ध व्हायला हवं. आणि हा हट्ट पोकळ नव्हता. समजा आपल्याकडे फक्त परिमेय संख्या, म्हणजे पूर्णांकांचे अपूर्णांकच आहेत. x² − २ घ्या. x = १ ला ते −१, x = २ ला +२. उडी कुठेही नाही, चिन्ह बदललेलं आहे, तरी परिमेय संख्यांमध्ये मूळ नाही. कारण दोनाचं वर्गमूळ परिमेय नाही. कागदावर काढलेली रेषा इथेही छेदताना दिसेल, आणि ते दिसणं फसवं असेल. म्हणजे वर आपण ‘सगळ्यांच्या मध्ये सापडणारी एक संख्या उरते’ असं सहज म्हणून गेलो, ते सहज नव्हतं. वास्तव संख्यांच्या रांगेत भोकं नाहीत म्हणूनच ते खरं आहे.

आता धूमकेतूकडे. प्रमेयाने ‘निदान एक’ मूळ आहे असं सांगितलं. नेमकी किती, हे त्याला माहीत नसतं. पण दोन मुळं निघाली तर आपली पंचाईत होईल, कारण धूमकेतू एका वेळी एकाच जागी असतो. एकच मूळ आहे हे वेगळं दाखवावं लागतं, आणि गंमत म्हणजे मघाचाच sin चा गुण पुन्हा कामाला येतो. समजा दोन वेगळी मुळं आहेत. दोन्ही समीकरणांची वजाबाकी केली की M निघून जातो आणि उरतं असं: दोन मुळांतला फरक म्हणजे त्यांच्या sin मधल्या फरकाची ०.९६७ पट. पण sin मधला फरक मुळांमधल्या फरकापेक्षा मोठा असूच शकत नाही. मग एक संख्या स्वतःच्याच फार तर ०.९६७ पट ठरते, आणि हे शून्याखेरीज कुणालाच जमत नाही. म्हणून मुळं दोन नाहीत.

या युक्तिवादात e एकापेक्षा लहान आहे ही गोष्ट वापरली गेली. ती काढून घेतली तर काय होतं हे पाहण्यासारखं आहे. केवळ गणित म्हणून e = २ आणि M = ० घ्या; ही कुठल्याही लंबवर्तुळाची कक्षा नाही. समीकरण उरतं E − २ sin E = ०. डाव्या बाजूचं मूल्य E = −३ ला −२.७१८ आणि E = ३ ला +२.७१८ आहे, तेव्हा मूळ आहे हे प्रमेय सांगतं. खरोखर तिथे तीन आहेत: शून्य, सुमारे १.८९५ आणि −१.८९५. त्याच समीकरणासाठी −१ ते ३ हे अंतराल घेतलं तर दोन्ही टोकांना मूल्य धन आहे, +०.६८३ आणि +२.७१८. घाईत कुणीही म्हणेल की इथे मूळ नाही. पण शून्य आणि १.८९५ ही दोन्ही मुळं त्याच अंतरालात बसलेली आहेत. टोकांची चिन्हं सारखी निघाली तर प्रमेय गप्प बसतं. ते ‘नाही’ असं कधीच म्हणत नाही. वह्यांमध्ये ही चूक सर्वांत जास्त आढळते.

दुसरी एक चूक यापेक्षा लबाड आहे. कॅल्क्युलेटर रेडियनऐवजी अंशांवर राहिला तर sin १ म्हणून तो ०.०१७५ दाखवतो. मग f(१) होतं सुमारे ०.९, f(०) ऋण आहेच. चिन्ह बदललेलं, फल सतत, सगळं जागच्या जागी. मूळही मिळतं, ०.०८४ च्या आसपास. प्रमेयाने काहीच चूक केली नाही, आपणच भलतं समीकरण त्याच्या हाती दिलं. हे ओळखायचं कसं? उत्तर पुन्हा कक्षेत घालून पाहावं. ०.०८४ अंशांचा E म्हणजे एक वर्ष उलटूनही धूमकेतू सूर्याजवळच्या जागेवरून जवळपास हललेलाच नाही.

आणि जिथे सततपणाच नाही तिथे? tan x घ्या. x = १ ला ते १.५५७, x = २ ला −२.१८५. चिन्ह बदललं. अर्धं करत गेलात तर अंतराल शहाण्यासारखं १.५७०८ पाशी आवळत जाईल आणि कॉम्प्युटर तेच मूळ म्हणून छापेल. तो आकडा π/२ चा आहे. तिथे tan शून्य होत नाही, त्याला मूल्यच नाही. खूण सोपी आहे: खऱ्या मुळाकडे जाताना फलाची मूल्यं शून्याकडे उतरतात, इथे ती लाखांच्या घरात जातात. उत्तराबरोबर f चं मूल्यही छापून घ्यायची सवय असली की हे लगेच उघडं पडतं.

आपल्या समीकरणात तसला धोका नाही, आणि ० ते १ हे अंतराल एका दिवसापुरतंच होतं असंही नाही. M कोणताही असो, M − e आणि M + e ही दोन टोकं घ्या. वरच्या टोकाला f ची किंमत e(१ − sin(M + e)) येते, आणि sin एकाहून मोठा होत नसल्याने ती ऋण असूच शकत नाही. खालच्या टोकाला तसंच −e(१ + sin(M − e)) येतं, ते धन असू शकत नाही. एखाद्या टोकाला शून्य आलं तर ते टोकच मूळ. फेरीतल्या प्रत्येक दिवसासाठी एक आणि एकच E आहे, हे असं एकदाच सिद्ध होतं.

राहिलं उत्तर काढणं. अर्धं करत जाणं खात्रीचं असलं तरी संथ आहे, म्हणून व्यवहारात न्यूटनची पद्धत वापरतात: जिथे आहोत तिथे आलेखाला स्पर्शिका काढायची आणि ती शून्याला जिथे भेटते तिथे उडी मारायची. सुरुवात M पासूनच करावी असं सहज वाटतं. ०.०८२७ पासून निघालो तर तिथे आलेख जवळजवळ आडवा आहे, चढ फक्त ०.०३६, आणि पहिली उडी थेट २.२८ वर, म्हणजे सुमारे १३१ अंशांवर जाते. मूळ ० आणि १ यांच्यामध्ये आहे हे आपल्याला आधीच ठाऊक असल्यामुळे ही उडी सरळ रद्द करता येते. तिच्याऐवजी मधला ०.५ घ्यायचा आणि तिथून पुन्हा स्पर्शिका काढायची: ०.८०६, मग ०.७२९, मग ०.७२१. पुढच्या उड्यांमध्ये हे तीन दशांश हलत नाहीत.

E = ०.७२१ असेल तर सूर्यापासूनचं अंतर १७.८ × (१ − ०.९६७ cos E). यातला १७.८ म्हणजे हॅलेच्या लंबवर्तुळाचा अर्धा लांब अक्ष, पृथ्वी-सूर्य अंतराच्या पटीत. उत्तर येतं सुमारे ४.९ पट, म्हणजे ७३ कोटी किलोमीटर. वर्षभरापूर्वी हेच अंतर ०.५९ पट होतं. गुरूची कक्षा ५.२ पटीवर आहे. फेब्रुवारी १९८७ मध्ये धूमकेतू अजून तिच्या थोडा आतच होता.